हुकलेल्या निविदेनंतरचे पत्र

निविदा हुकल्याची बातमी बहुतेक वेळा एका ओळीत येते. ई-निविदेच्या संकेतस्थळावर संस्थेच्या नावासमोर ‘अपात्र’ असा शेरा दिसतो, किंवा काम दुसऱ्या संस्थेला दिल्याचा ई-मेल येतो. काही आठवडे खपून तयार केलेल्या देकारात नेमके काय कमी पडले, हे त्या ओळीतून कळत नाही. ते खरेदी करणाऱ्या कार्यालयाकडून विचारून घ्यावे लागते. अनेक छोट्या संस्था इथेच थांबतात. काहींना वाटते, विचारले तर साहेब नाराज होतील आणि पुढच्या वेळी आपले नाव बाजूला पडेल. काही जण रागाच्या भरात थेट तक्रार अर्ज टाकतात आणि त्यानंतर त्या कार्यालयातले कोणीही मोकळेपणाने बोलेनासे होते. या दोन्हींच्या मधली एक रीत आहे. ती नियमांना धरून आहे आणि थोडा अभ्यास केला तर फारशी अवघडही नाही.

प्रश्न काय विचारायचा हे देकार कोणत्या टप्प्यावर पडला यावर ठरते. सरकारी निविदा बहुधा दोन लिफाफ्यांची असते. पहिल्या, तांत्रिक लिफाफ्यात नोंदणी, करभरणा, उलाढाल, अनुभव यांची कागदपत्रे असतात. दुसऱ्या, आर्थिक लिफाफ्यात दर असतो. पहिला लिफाफा उघडल्यावर एखादे प्रमाणपत्र नसल्यामुळे देकार बाद झाला, तर दराचा लिफाफा उघडलाच जात नाही. अशा वेळी ‘आमचा दर जास्त होता का’ या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. फक्त दरावर ठरणाऱ्या निविदेत पात्र ठरूनही दुसरा क्रमांक आला असेल, तर विचारण्यासारखे फारसे उरत नाही, कारण उत्तर दरांच्या तुलनात्मक तक्त्यात समोरच असते. विचारण्याजोगे सर्वाधिक सापडते ते तिसऱ्या प्रकारात. तिथे गुणवत्तेला काही गुण, दराला काही गुण, अशी बेरीज करून काम दिले जाते. सल्लागार सेवा, सर्वेक्षण, प्रशिक्षण, संगणकीकरण अशा कामांत ही पद्धत वापरली जाते.

या तिसऱ्या प्रकारातले एक कल्पित उदाहरण पाहू. समजा, एका नगरपरिषदेला जन्म-मृत्यू आणि मालमत्ता कराच्या जुन्या नोंदवह्यांचे स्कॅनिंग करून त्यांची सूची तयार करून घ्यायची आहे. गुणवत्तेला ७० टक्के आणि दराला ३० टक्के वजन आहे. तांत्रिक गुण शंभरपैकी द्यायचे आहेत: अनुभवाला ३०, उलाढालीला २०, मनुष्यबळाला २० आणि कार्यपद्धतीच्या सादरीकरणाला ३०. बारा-पंधरा माणसांची एक छोटी संस्था १८ लाख ४० हजारांचा देकार भरते. तो सर्वांत कमी दर ठरतो, तरीही काम २० लाख रुपये सांगणाऱ्या दुसऱ्या संस्थेला मिळते. छोट्या संस्थेत पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: आपण स्वस्त असून डावलले गेलो, म्हणजे काहीतरी गडबड आहे.

पत्र लिहिण्याआधी हातातले आकडे मांडून पाहिले, तर ही शंका बरीचशी निवळते. छोट्या संस्थेला तांत्रिक गुण ७२ मिळाले, विजेत्या संस्थेला ८६. बहात्तरचे सत्तर टक्के म्हणजे ५०.४. सर्वांत कमी दराला पूर्ण १०० गुण मिळतात आणि त्यांचे तीस टक्के ३० होतात. एकूण ८०.४. विजेत्याचे तांत्रिक गुण वजनानंतर ६०.२ होतात. दराचे गुण काढताना सर्वांत कमी दराला त्याच्या दराने भागतात: १८.४ भागिले २०, म्हणजे शंभरपैकी ९२, आणि त्यांचे तीस टक्के २७.६. त्याची बेरीज ८७.८. अंतर ७.४ गुणांचे आहे.

आता हे अंतर कुठून आले ते पाहावे. छोट्या संस्थेने दर आणखी दहा टक्क्यांनी उतरवून १६ लाख ५६ हजार केला असता, तरी विजेत्याची बेरीज ८५ च्या आसपास राहिली असती आणि निकाल तोच लागला असता. केवळ दराच्या जोरावर जिंकायचे तर देकार साडेतेरा लाखांच्याही खाली न्यावा लागला असता, आणि तेवढ्यात हे काम करणे परवडले नसते. म्हणजे दराचा प्रश्न विचारण्यात खरेदीदाराचा वेळ घालवू नये. हरण्याचे सगळे कारण तांत्रिक गुणांतल्या चौदा गुणांच्या फरकात आहे. ते चौदा गुण चार निकषांत कसे विभागले गेले, एवढेच विचारायचे आहे. आकडेमोड करून आलेला माणूस आणि ‘आमचं काय चुकलं ते सांगा’ म्हणणारा माणूस यांच्याशी अधिकारी फार वेगळे वागतात, कारण पहिल्याला उत्तर देता येते.

ही आकडेमोड करण्यासाठी लागणारी बरीच माहिती न विचारताच मिळते. महाराष्ट्रातल्या बहुतेक सरकारी निविदा mahatenders.gov.in या संकेतस्थळावर चालतात. सहभागी संस्थेला आपल्या खात्यातून निविदेची स्थिती आणि तांत्रिक छाननीचा निकाल पाहता येतो. आर्थिक लिफाफे उघडल्यावर दरांचा तुलनात्मक तक्ताही उतरवून घेता येतो. संकेतस्थळावर दिसणारी माहिती पत्रात विचारली, तर आपण निकाल नीट पाहिलाच नाही हे उघड होते. निविदेचा मूळ दस्तऐवज, नंतर निघालेली शुद्धिपत्रके आणि आपण प्रत्यक्ष चढवलेली कागदपत्रे पुन्हा एकदा शेजारी ठेवून वाचावीत. निम्म्या वेळा कारण तिथेच सापडते: शुद्धिपत्रकाने बदललेला नमुना आपण जुन्याच रूपात भरलेला असतो, किंवा सही केलेल्या पानाऐवजी कोरे पान चढवलेले असते.

कारण विचारणे ही मेहेरबानी मागणे नव्हे, हे मनात स्पष्ट असलेले बरे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमावली, २०१७ मधला नियम १७३ सांगतो की, निविदेच्या अटी, प्रक्रिया किंवा देकार नाकारणे यांबद्दल प्रश्न विचारण्याची तरतूद निविदेच्या दस्तऐवजात असावी, आणि निविदाकाराने चौकशी केल्यास नाकारण्याची कारणे सांगितली गेली पाहिजेत. हा नियम केंद्राच्या खात्यांसाठी आहे. महाराष्ट्रातल्या शासकीय खरेदीसाठी उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाने कार्यपद्धतीची स्वतंत्र नियमपुस्तिका लागू केली आहे; राज्यातल्या कार्यालयाला लिहिताना केंद्राचा नियम तोंडावर फेकू नये, तो तिथे लागू नसतो. पण माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ दोन्हीकडे सारखाच चालतो. त्याच्या कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे, त्या निर्णयाची झळ बसलेल्या व्यक्तींना स्वतःहून द्यायची आहेत. त्यासाठी अर्ज करावा लागावा अशी कायद्याची अपेक्षाच नाही.

पैसा बाहेरून येतो तेव्हा नियमही बदलतात. जागतिक बँकेच्या कर्जातून चालणाऱ्या प्रकल्पांत, आणि असे कृषी प्रकल्प महाराष्ट्रातही चालले आहेत, मोठ्या खरेदीच्या वेळी काम कोणाला देण्याचा मानस आहे हे आधी सर्वांना कळवले जाते आणि मग दहा कामकाजाचे दिवस करार थांबवून ठेवला जातो. त्यातल्या पहिल्या तीन कामकाजाच्या दिवसांत कारण विचारले, तर पुढच्या पाच दिवसांत ते समजावून सांगण्याचे बंधन खरेदीदारावर असते. ब्रिटनमध्ये २०२५ च्या फेब्रुवारीत अमलात आलेल्या नव्या खरेदी कायद्याने तर मोठ्या निविदांत भाग घेतलेल्यांना मूल्यमापनाचा सारांश न मागता द्यायला लावला आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी विचारल्याशिवाय काही मिळत नाही. म्हणून कसे आणि कधी विचारायचे याला एवढे महत्त्व येते.

आधी ‘कधी’ पाहू. छाननी चालू असताना समितीतल्या कोणालाही फोन करणे, भेटणे किंवा मध्यस्थामार्फत विचारणा करणे पूर्णपणे टाळावे. बहुतेक निविदांत अशा प्रयत्नाला दबाव मानून देकार बाद करण्याची अट असते. तांत्रिक निकाल लागल्यावर एक लहान खिडकी उघडते. आपला देकार चुकीने बाद झाला असे वाटत असेल, तर ते लेखी मांडण्याची मुदत निविदेत दिलेली असते. केंद्राच्या नमुना निविदा दस्तऐवजात निकाल जाहीर झाल्यापासून दहा दिवस दिलेले आहेत. सरकारी ई-बाजारपेठेवर म्हणजे ‘जेम’वर ती याहून बरीच कमी असते आणि पडद्यावरच दिसते. मनाजोगा अभिप्राय मागण्याची वेळ मात्र यानंतरची आहे. कार्यादेश निघाला, करार झाला, की अधिकाऱ्यावरचा ताण उतरतो आणि त्याच्या उत्तराचा निकालावर परिणाम होण्याची भीतीही राहत नाही. त्यानंतर एक-दोन आठवड्यांत पत्र जावे. चार महिन्यांनी गेले, तर समितीतले लोक बदललेले असतात आणि कोणाला काही आठवत नाही.

इथे एक काळजी घ्यायला हवी, आणि तीच बहुतेक जण घेत नाहीत. आक्षेप आणि अभिप्राय ही दोन वेगळी पत्रे आहेत. आक्षेपात निर्णय बदलण्याची मागणी असते, त्याला मुदत असते आणि त्याचे उत्तर कायद्याचा विचार करून दिले जाते. अभिप्रायाच्या पत्रात निर्णय मान्य केलेला असतो आणि फक्त पुढच्या वेळेसाठी माहिती मागितलेली असते. दोन्ही एकाच पत्रात मिसळले की अधिकारी ते आक्षेप म्हणूनच वाचतो, फाइल विधी सल्लागाराकडे जाते आणि मोजून-मापून लिहिलेले कोरडे उत्तर येते. उलट बाजूही लक्षात ठेवावी: आक्षेप घेण्याचा खरोखर विचार असेल, तर ‘निर्णयाबाबत आमची हरकत नाही’ असे वाक्य लिहून देऊ नये, ते पुढे आपल्याविरुद्ध दाखवले जाऊ शकते. आधी मनाशी ठरवावे, मग लिहावे.

आपल्या उदाहरणातल्या संस्थेने आक्षेप न घेण्याचे ठरवले आहे असे धरू. तिचे पत्र साधारण असे असेल:

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
… नगरपरिषद

विषय : जुन्या अभिलेखांचे स्कॅनिंग, निविदा क्रमांक …, आमच्या देकाराच्या मूल्यमापनाबाबत

महोदय,

वरील निविदेत आमची संस्था सहभागी होती. काम अन्य संस्थेस देण्यात आल्याचे दिनांक … रोजी कळले. हा निर्णय आम्हांस मान्य असून हे पत्र आक्षेप म्हणून पाठवलेले नाही.

यापुढील निविदांत आमचा देकार सुधारता यावा यासाठी केवळ आमच्या देकाराबाबत पुढील माहिती मिळावी, ही विनंती : (१) तांत्रिक मूल्यमापनातील चार निकषांनुसार आम्हांस मिळालेले गुण, (२) अनुभवाच्या निकषाखाली आम्ही सादर केलेल्या पाच कामांपैकी कोणती ग्राह्य धरण्यात आली नाहीत व त्याचे कारण, (३) कार्यपद्धतीच्या सादरीकरणात समितीस अपुरा वाटलेला भाग.

अन्य संस्थांच्या देकारांबाबत आम्ही कोणतीही माहिती मागत नाही. लेखी उत्तर किंवा आपल्या सोयीच्या वेळी पंधरा-वीस मिनिटांची भेट, यांपैकी जे शक्य असेल ते चालेल.

आपला/आपली,
(अधिकृत स्वाक्षरीकर्ता)

या पत्रातले प्रत्येक वाक्य कशासाठी आहे ते पाहण्यासारखे आहे. खरेदी अधिकाऱ्याला तीन गोष्टींची धास्ती असते: लेखापरीक्षणात निघणारा आक्षेप, न्यायालयात सादर होणारे आपलेच पत्र आणि दुसऱ्या संस्थेची गोपनीय माहिती बाहेर गेल्याचा ठपका. ‘आक्षेप म्हणून पाठवलेले नाही’ या शब्दांनी पहिल्या दोन भीती कमी होतात, आणि इतरांची माहिती नको असे सांगितल्याने तिसरी उरत नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातही कलम ८(१)(घ) प्रमाणे व्यापारी गुपिते आणि स्पर्धात्मक हिताला बाधा आणणारी माहिती व्यापक जनहित नसेल तर नाकारता येते. तेव्हा दुसऱ्याचे सादरीकरण मागणे म्हणजे नकार ओढवून घेणे आहे. प्रश्न तीनच आहेत. दहा-बारा प्रश्न आले की अधिकारी ते कनिष्ठाकडे ढकलतो. शिवाय दोन प्रश्न असे आहेत की त्यांची उत्तरे गुणतक्ता समोर ठेवून पाच मिनिटांत लिहिता येतात. मत द्यावे लागेल असा प्रश्न एकच आहे आणि तो शेवटी आहे. पत्र संस्थेच्या अधिकृत ई-मेलवरून जावे, एक छापील प्रत आवक विभागात देऊन पोच घ्यावी. अधिकाऱ्याच्या खासगी मोबाइलवर संदेश पाठवणे, ओळखीच्या नगरसेवकाकडून ‘जरा विचारून घ्या’ म्हणवणे यांनी तात्पुरते उत्तर मिळतही असेल, पण त्या कार्यालयात संस्थेची ओळख शिफारशीवर चालणारी अशी होते.

भेट मिळाली तर दोघांनी जावे: देकार प्रत्यक्ष लिहिणारा एक आणि टिपणे घेणारा एक. मालकाने एकट्याने जाऊ नये, कारण दुखावलेला माणूस लवकर वाद घालू लागतो. वकिलाला तर नेऊच नये. बोलण्याचा क्रमही ठरवून ठेवावा. सुरुवात ग्राह्य धरल्या गेलेल्या गोष्टींपासून केली तर अधिकारी सैलावतो: मनुष्यबळात वीसपैकी अठरा मिळाले, ते कशामुळे? त्यानंतर कमी गुणांकडे यावे. उत्तर चुकीचे वाटले तरी तिथे खोडून काढू नये. ‘हे कागद आम्ही जोडले होते’ असे म्हणण्याऐवजी ‘हे कोणत्या पानावर असायला हवे होते’ असे विचारले, तर तीच माहिती मिळते आणि समोरच्याला बचाव करत बसावे लागत नाही. विजेत्या संस्थेबद्दल एक शब्दही काढू नये. तिची क्षमता, तिचे संबंध, तिचा जास्तीचा दर, यांतले काहीही निघाले की बैठक संपल्यात जमा असते. चहापलीकडे काही देऊ-घेऊ नये, हे सांगायला लागू नये, पण सणासुदीच्या दिवसांत ‘सहज’ म्हणून नेलेला मिठाईचा खोकासुद्धा सरकारी नोकराला अडचणीत आणतो.

उदाहरणातल्या संस्थेला कळते ते असे: अनुभवात तीसपैकी १५, उलाढालीत वीसपैकी १७, मनुष्यबळात १८ आणि सादरीकरणात तीसपैकी २२. अनुभवात प्रत्येक ग्राह्य कामाला पाच गुण होते. संस्थेने पाच कामे दाखवली, त्यांतली तीनच धरली गेली. उरलेल्या दोन कामांसोबत कार्यादेश जोडला होता, पण काम पूर्ण झाल्याचा दाखला नव्हता. काम मिळाल्याचा पुरावा म्हणजे काम केल्याचा पुरावा नव्हे, आणि निविदेच्या अटीत ‘पूर्ण केलेली कामे’ असे शब्द होते. सादरीकरणाबद्दल अधिकारी सांगतो की वह्या कार्यालयाबाहेर न नेता स्कॅनिंग कसे करणार, हे समितीला कळले नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या बाहेर पाठवण्याला समितीतल्या एका सदस्याचा ठाम विरोध होता.

आता पुन्हा हिशेब करावा. ती दोन कामे धरली गेली असती, तर तांत्रिक गुण ८२ झाले असते. त्यांचे सत्तर टक्के ५७.४, दराचे ३० मिळून ८७.४. विजेत्याचे ८७.८. म्हणजे दोन दाखल्यांवरून आक्षेप घेऊन तो पूर्णपणे मान्य झाला असता, तरी काम ०.४ गुणांनी हुकलेच असते. रागाच्या भरात केलेली तक्रार संस्थेला काम मिळवून देणार नव्हती, आणि कार्यालयाशी संबंध मात्र बिघडले असते. त्याच वेळी हेही दिसते की सादरीकरणात आणखी एक गुण मिळाला असता, तर वजनानंतर ०.७ ची भर पडून पारडे फिरले असते. वह्या जागेवरच स्कॅन करण्याची योजना आणि दोन दाखले, एवढ्यावर पुढची निविदा जिंकता येण्यासारखी आहे. ही माहिती कोणत्याही सल्लागाराकडे विकत मिळत नाही.

उत्तर नेहमी इतके नेमके येत नाही. ‘आपला देकार तांत्रिकदृष्ट्या योग्य आढळला नाही’ असे गोल वाक्य आले, तर ते कोणत्या कलमाबाबत आहे एवढेच पुन्हा विचारावे. ‘निविदेतील अट क्रमांक ४.३ की ४.५, एवढे कळवल्यास आम्ही आभारी राहू’ अशा प्रश्नाला टाळाटाळ करणे कठीण जाते. उत्तर आलेच नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी एक स्मरणपत्र पुरे. त्यानंतर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो, पण तो शेवटचा उपाय म्हणून वापरावा. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा लागतो. हा हक्क कायद्याने नागरिकाला दिला आहे, संस्थेला नाही. म्हणून संस्थेच्या पत्रशीर्षावर अर्ज न करता मालकाने किंवा भागीदाराने स्वतःच्या नावाने करावा. त्यातही मागणी आपल्याच देकाराच्या गुणपत्रकाच्या प्रतीपुरती ठेवावी. संपूर्ण फाइलच्या प्रती मागितल्या की माहिती अधिकारी त्रयस्थ पक्षाला विचारण्याची लांब प्रक्रिया सुरू करतो, आणि कार्यालयही पुढची लढाई होणार असे समजून चालते.

काही वेळा मिळालेल्या उत्तरातूनच गंभीर चूक उघड होते: निविदेत नसलेला निकष लावला गेला, किंवा एकाच त्रुटीवर एक संस्था बाद झाली आणि दुसरी पात्र ठरली. अशा वेळी गप्प बसण्याला ‘दार उघडे ठेवणे’ म्हणता येत नाही. मात्र रस्ता बदलतो. आधी त्याच कार्यालयाच्या वरिष्ठांकडे मुदतीत लेखी निवेदन जाते, आणि तेही निष्फळ ठरले तर उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते. न्यायालय काय तपासते याची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या टाटा सेल्युलर प्रकरणापासून आखून दिली आहे. निर्णय कसा घेतला गेला हे पाहिले जाते. समितीने पंधराऐवजी अठरा गुण द्यायला हवे होते का, यात न्यायालय सहसा शिरत नाही. वकिलाची फी भरण्याआधी आपली तक्रार प्रक्रियेची आहे की गुणांची, याचे प्रामाणिक उत्तर स्वतःला द्यावे लागते.

अभिप्राय मिळाल्यावर दोन दिवसांत आभाराचे छोटे पत्र जावे, आणि त्यात सांगितलेल्यांपैकी एक गोष्ट प्रत्यक्षात बदलल्याची ओळ असावी: ‘आपण सुचवल्याप्रमाणे दोन्ही जुन्या कामांचे पूर्णत्वाचे दाखले आम्ही मिळवत आहोत.’ अधिकाऱ्याने दिलेला वेळ वाया गेला नाही हे त्याला अशाच ओळीतून कळते. हे पत्र फाइलला लागते आणि अधिकारी बदलून गेला तरी फाइलमध्ये राहते. बयाणा रकमेचा पाठपुरावा मात्र वेगळ्या पत्राने करावा. केंद्राच्या नियमांत ती कार्यादेशानंतर तिसाव्या दिवसापर्यंत परत करायची असते. आभाराच्या पत्रात पैशाची आठवण घातली की सगळा खटाटोप त्या रकमेसाठी होता असे वाटते.

पुढचे काम संस्थेच्या कार्यालयात होते. दाखला नसलेल्या कामांचे जुने ग्राहक शोधून त्यांच्याकडून कामाची रक्कम आणि पूर्ण झाल्याची तारीख असलेला दाखला मागावा लागतो. याला सहज महिना जातो, म्हणून नवी निविदा निघेपर्यंत थांबू नये. निकषवार गुणांची एक वही ठेवावी. तीन-चार निविदांचे अभिप्राय एकाखाली एक आले की दिसू लागते की सादरीकरणातले गुण प्रत्येक ठिकाणी कमी आहेत, की तो एकाच समितीचा कल होता. एकाच अधिकाऱ्याच्या मतावरून कामाची सारी पद्धत बदलून टाकणे हीदेखील चूक असते. जागेवर स्कॅनिंग एका नगरपरिषदेला हवे असेल, दुसरीकडे जागाच नसल्याने ते अडचणीचे ठरेल.

त्याच कार्यालयाची पुढची निविदा निघाली की निविदापूर्व बैठकीला हजर राहावे. मागच्या वेळी संदिग्ध वाटलेली अट तिथे सर्वांसमोर विचारता येते, आणि तिचे उत्तर शुद्धिपत्रकातून सर्वांना मिळते. ‘पूर्ण केलेले काम म्हणजे अंतिम देयक मंजूर झालेले काम, की दाखला दिलेले काम?’ हा प्रश्न तिथे विचारण्यात कोणाला झुकते माप मिळत नाही. आणि नव्या देकारात, ज्या पानावर तो दाखला आहे त्या पानाचा क्रमांक निकषांच्या तक्त्यात समोरच लिहावा, म्हणजे छाननी करणाऱ्याला तो शोधावा लागत नाही.